तिकिटाच्या फोटोचं अरबी: काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

प्रश्न: "पुण्यात एका हॉस्पिटलच्या इंटरनॅशनल डेस्कवर आहे, ओमानचे पेशंट जास्त येतात. सोबतचे लोक विमानाच्या नाहीतर रेल्वेच्या तिकिटाचा फोटो पाठवतात आणि घरच्यांसाठी अरबीत करून मागतात. अरबी मला कामापुरती येते, पण टाइप करायला गेलं की आकडे उलटे होतात, पीएनआर इकडचा तिकडे जातो, सीट नंबरचं काय करायचं तेही कळत नाही. तुम्ही लोक हे कसं करता?"

मी मूळचा रत्नागिरीचा, मस्कतला नऊ वर्षं तिकिटांच्या कामात होतो आणि आता पुण्यात पेशंटच्या कागदपत्रांची अरबी भाषांतरं करतो, त्यामुळे हा त्रास मला चांगलाच माहितीये. तुमची अडचण अरबी कमी येते ही नाहीये. तिकिटावर मुळात दोन वेगळ्या प्रकारचा मजकूर एकत्र छापलेला असतो आणि आपण सगळ्यालाच एकसारखं भाषांतर करायला घेतो, गडबड तिथून सुरू होते.

एक प्रकार म्हणजे जो माणूस कुठेतरी ताडून बघणार आहे. फ्लाइट नंबर तो एअरपोर्टच्या बोर्डवर शोधणार, सीट नंबर डोक्यावरच्या पट्टीवर बघणार, पीएनआर वेबसाइटच्या खान्यात टाकणार नाहीतर काउंटरवर वाचून दाखवणार. हे अक्षरन् अक्षर फोटोत आहे तसंच राहायला हवं, लिपीसुद्धा तीच. दुसरा प्रकार म्हणजे जो त्याला समजायला हवा: कुठून कुठे, कोणत्या दिवशी, सामान किती, तिकीट कन्फर्म आहे की वेटिंग. हे नीट अरबीत यायला हवं. कुठल्याही खान्यापाशी अडलात तर एवढंच विचारा की हे तो कशाशी ताडून बघणार आहे. उत्तर सापडलं की तो खाना जसाच्या तसा, नाही सापडलं की भाषांतर.

आधी एक गोष्ट विचारून घ्या, हे कुणासाठी चाललंय. घरच्यांना व्हॉट्सॲपवर कळण्यासाठी असेल तर मी खाली सांगतोय ते पुरतं. पण कुणाला ऑफिसात रजेसाठी, इन्शुरन्सला किंवा खर्च परत मिळवण्यासाठी द्यायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी तिकडच्या परवानाधारक भाषांतरकाराचा शिक्का लागतो, तिकडे त्याला मुतर्जिम कानूनी म्हणतात, आणि तुमचं आमचं भाषांतर कितीही अचूक असलं तरी तिथे चालत नाही. ज्याला कागद द्यायचाय त्यालाच आधी विचारायला सांगा. आणि दोन्ही बाबतीत प्रवास मूळ तिकिटावरच होतो, म्हणून मी भाषांतरासोबत मूळ फोटो कायम जोडतोच.

आता फोटो. थेट फोटो बघत अरबीत टाइप करू नका. आधी तिकिटावरचं सगळं इंग्रजीत साध्या नोटपॅडमध्ये उतरवून घ्या, तपासा, आणि मगच अरबीला हात लावा, कारण एकदा अरबी सुरू झाली की ओळीतलं नजरेचं भानच बदलतं आणि वाचनातली चूक आहे का भाषांतरातली हे नंतर शोधता येत नाही. फोटोत फसवणाऱ्या जोड्या ठरलेल्या आहेत: O आणि 0, I आणि 1, B आणि 8, S आणि 5, Z आणि 2. थर्मल कागदावरचं पुसट छापील असेल तर 3 आणि 8 पण. विमानाचा पीएनआर सहा खुणांचा असतो, अक्षरं आणि आकडे मिसळून, त्यामुळे तिथे ही भीती सगळ्यात जास्त. रेल्वेचा पीएनआर दहा आकडी आणि नुसता आकड्यांचा असतो, म्हणजे तिथे अक्षर दिसलं तर तुम्ही चुकीचं वाचताय हे लगेच कळतं.

शंका असेल तर अंदाज करायचा नाही. दुसरा फोटो मागा, सरळ वरून, फ्लॅश बंद ठेवून, कागद सपाट करून. नाहीच मिळाला तर त्या जागी अरबीत "गैर वादिह" म्हणजे अस्पष्ट असं लिहून द्या. घरच्यांना कोरी जागा परवडते, चुकीचा कोड परवडत नाही.

बोर्डिंग पासचा फोटो असेल तर तुमच्याकडे एक हुकमी पडताळा आहे जो फार कमी लोक वापरतात. त्यावरच्या बारकोडमध्ये तीच माहिती ठरलेल्या क्रमाने भरलेली असते, आणि फोनमधल्या साध्या बारकोड स्कॅनरने, जो इंटरनेटवर काही पाठवत नाही असाच घ्या, ती वाचता येते. नावानंतरचा भाग असा दिसतो:

```
EQB8S5Z BOMMCTZZ 0204 288Y023A0041 100
```

(कोड मी बनवलेले आहेत, ZZ ही काल्पनिक एअरलाइन.) सुरुवातीचा E म्हणजे ई-तिकीट. मग पीएनआर QB8S5Z, मग कुठून BOM, कुठे MCT, एअरलाइन ZZ, फ्लाइट 204. पुढचं 288 म्हणजे वर्षातला कितवा दिवस. सप्टेंबर संपेपर्यंत २७३ दिवस होतात, त्यात १५ मिळवले की २८८, म्हणजे १५ ऑक्टोबर (लीप वर्ष असेल तर एक दिवस मागे येतं). मग Y हा क्लास, 023A म्हणजे सीट 23A, आणि 0041 हा चेक-इनचा क्रमांक. फोटोतला B आहे की 8 हा वाद इथे एका मिनिटात मिटतो. नुसत्या ई-तिकिटावर हा बारकोड नसतो, तो चेक-इन झाल्यावरच येतो. आणि पीएनआर व आडनाव एवढ्यावर कुणीही बुकिंग उघडू शकतो, म्हणून असा फोटो कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर चढवून स्कॅन करू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, आकडे उलटे का होतात. अरबी उजवीकडून डावीकडे चालते पण त्यातले आकडे डावीकडून उजवीकडेच लिहितात, आणि हे दोन्ही एका ओळीत मांडायचं काम कॉम्प्युटर ठरलेल्या युनिकोडच्या नियमांनी करतो. त्या नियमांत प्रत्येक चिन्हाचा स्वभाव वेगळा आहे. अरबी शब्दानंतर 16:35 लिहिलं तर ते तसंच दिसतं, कारण दोन आकड्यांमधला कोलन त्यांना धरून ठेवतो. 15/10/2026 मधली तिरकी रेघ पण धरून ठेवते. पण 15-10-2026 लिहिलंत की अरबी मजकुरानंतर डॅश आकड्यांना धरून ठेवत नाही, तीन तुकडे सुटे होतात आणि उजवीकडून मांडले जातात, म्हणजे स्क्रीनवर 2026-10-15 दिसतं. वर्ष पूर्ण असेल तर माणूस सांभाळून घेतो हो, पण 05-06 चं 06-05 झालं तर पाच जूनची सहा मे होते आणि कुणाला शंकाही येत नाही. ई-तिकिटाचा तेरा आकडी नंबर तर बऱ्याचदा पहिले तीन, मग डॅश, मग दहा असा छापतात, तो अरबी ओळीत टाकला की शेवटचे दहा आधी आणि पहिले तीन नंतर.

डोकं जास्त फिरतं ते यासाठी की हे दर वेळी होत नाही. त्याच ओळीत आकड्याच्या आधी एखादं इंग्रजी अक्षर आलं असेल तर डॅश परत शहाण्यासारखा वागतो. म्हणून कधी सरळ, कधी उलटं, आणि आपल्याला वाटतं फोन बिघडलाय.

इथे सगळ्यात वाईट चूक होते ती दुरुस्तीच्या नादात. नंबर उलटा दिसला म्हणून लोक तुकडे हाताने उलटे टाइप करतात, म्हणजे स्क्रीनवर बरोबर दिसतं. पण आत साठवलेला नंबर आता खरोखर चुकीचा झालेला असतो. घरच्या कुणी तो कॉपी करून एअरलाइनच्या साइटवर टाकला की "बुकिंग सापडलं नाही" येतं आणि तिकडे रडारड सुरू होते. तेव्हा दिसण्यासाठी क्रम कधीही बदलू नका. क्रम फोटोतलाच ठेवा आणि तो तुकडा अरबीपासून वेगळा काढा.

वेगळा कसा काढायचा ते कशात लिहिताय त्यावर आहे. वर्डमध्ये मी दोन कॉलमचं टेबल करतो, उजवीकडे अरबी लेबल, डावीकडे माहिती, आणि कोड असलेल्या प्रत्येक खान्याची दिशा लेफ्ट-टू-राइट करून टाकतो. वेबपेजवर टाकायचं असेल तर कोडभोवती हे:

```
<bdi dir="ltr">15-10-2026</bdi>
```

व्हॉट्सॲपवर मात्र मी काहीच युक्ती करत नाही, लेबल एका ओळीवर आणि कोड एकटा पुढच्या ओळीवर, बस. दिशा सांगणारी न दिसणारी चिन्हं असतात, U+200E वगैरे, ती टाकून ओळीतल्या ओळीतही सरळ करता येतं आणि मी पूर्वी करायचो. पण ती चिन्हं कोडसोबत कॉपी होतात, आणि वेबसाइटच्या खान्यात सहा अक्षरांच्या जागी सात जातात. दिसायला कोड अगदी बरोबर, साइट म्हणते चुकीचा. म्हणून जो कोड कुणी कॉपी करण्याची शक्यता आहे त्याला मी अदृश्य काहीही चिकटू देत नाही.

बाण हा वेगळाच घात आहे. तिकिटावर बऱ्याचदा BOM → MCT असं असतं. तुम्ही शहरांची नावं अरबीत लिहून मध्ये तोच बाण ठेवलात तर मुंबई उजवीकडे जाते, मस्कत डावीकडे येतं, पण बाण तसाच उजवीकडे तोंड करून राहतो, कारण हे नियम बाणाला फिरवत नाहीत. म्हणजे कागद म्हणतोय मस्कतहून मुंबईला. आणि कोड इंग्रजीतच ठेवले तर उजवीकडून वाचायची सवय असलेल्या म्हाताऱ्या माणसाची नजर आधी MCT वर पडते. त्यामुळे बाण नाही, डॅश नाही, सरळ शब्द: मिन म्हणजे "पासून" आणि इला म्हणजे "पर्यंत". वेळेच्या बाबतीतही तेच, 00:35 - 01:55 असं जोडून लिहू नका, निघण्याची वेळ एका ओळीवर आणि पोहोचण्याची दुसऱ्या.

आकडे कोणते वापरायचे हेही ठरवून टाका. अरबीत ٠١٢٣ असे वेगळे आकडे आहेत आणि ओमानमध्ये दोन्ही चालतात. माझा नियम सोपा आहे, तिकिटाच्या भाषांतरात कुठेही अरबी आकडे नाहीत, सगळीकडे 0 ते 9. एकतर बोर्डिंग पासवर, सीटवर आणि काउंटरवर तेच असतात. दुसरं म्हणजे आपल्या डोळ्यांसाठी ते धोक्याचे आहेत. अरबी ٥ म्हणजे पाच, पण मराठी माणसाला ते शून्य दिसतं. अरबी शून्य म्हणजे नुसता ٠ ठिपका. ٦ हा सहा आहे पण इंग्रजी सातसारखा दिसतो, आणि ٩ घाईत आपल्या एकासारखा. दोन वेळा तपासूनही चूक नजरेतून निसटते कारण डोळा दर वेळी तीच चूक करतो. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियाच्या लोकांचे रोजचे आकडे तर 0 ते 9 हेच आहेत, त्यामुळे हा पर्याय सगळीकडे चालतो.

वर्डमध्ये यावर एक छुपी सेटिंग आहे, ऑप्शन्स मध्ये ॲडव्हान्स्ड मध्ये Numeral म्हणून. ती Context वर असली तर तुम्ही 0 ते 9 टाइप केलेले आकडे अरबी मजकुराशेजारी आपोआप ٠ ते ٩ असे दाखवले जातात, आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पुन्हा वेगळे. ती Arabic वर ठेवा. हो, नाव उलटंच वाटतं: तिथे Arabic म्हणजे 0 ते 9, आणि Hindi म्हणजे ٠ ते ٩, कारण अरब लोक त्या आकड्यांना भारतीय आकडे म्हणतात. आणि फाइल पाठवताना पीडीएफ करूनच पाठवा, म्हणजे समोरच्याच्या सेटिंगचा प्रश्न राहत नाही.

एक पूर्ण तिकीट करून दाखवतो. फोटोतून उतरवलेलं, नाव सोडून:

```
PNR QB8S5Z
ZZ 204   BOM T2 - MCT
DEP 15OCT26 THU 00:35
ARR 15OCT26 THU 01:55
SEAT 23A  CLASS Y  BAG 30K
STATUS OK
```

15OCT26 मधला 26 हा साल आहे. वार छापलेला असतो तो आपल्यासाठी फुकटचा पडताळा आहे, कॅलेंडर उघडून १५ ऑक्टोबर २०२६ ला गुरुवारच येतो का बघा, येतो. वार आणि तारीख जुळली नाही तर दोन्हीपैकी एक तुम्ही चुकीचं वाचलंय. 30K म्हणजे ३० किलो. इथे कधी 1PC किंवा 2PC असतं, तो बॅगांचा आकडा आहे, किलोचा नाही, आणि ते किलो म्हणून भाषांतरित झालेलं मी पाहिलंय. याचं अरबी मी असं देईन:

```
رمز الحجز:
QB8S5Z

رقم الرحلة:
ZZ 204

من: مومباي (BOM)، الصالة 2
إلى: مسقط (MCT)

المغادرة: الخميس 15 أكتوبر 2026
الساعة 00:35 بتوقيت مومباي

الوصول: الخميس 15 أكتوبر 2026
الساعة 01:55 بتوقيت مسقط

المقعد:
23A

الدرجة: السياحية (Y)
الأمتعة: 30 كجم
حالة الحجز: مؤكد

ملاحظة من المترجم: الإقلاع بعد منتصف الليل.
التوجه إلى المطار مساء الأربعاء 14 أكتوبر.
```

वेळ 24 तासांचीच ठेवलीय, 12:35 करून पुढे सकाळ-संध्याकाळचं अरबी अक्षर लावलेलं नाही. त्या ص आणि م मध्ये बारा वाजताचा गोंधळ कायम होतो, शिवाय बोर्डवर 00:35 च दिसणार आहे. कुठल्या शहराची वेळ ते मात्र मी मुद्दाम लिहितो. तिकिटावर दोन्ही वेळा आपापल्या ठिकाणच्या असतात आणि मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. घरचे लोक 00:35 आणि 01:55 बघून म्हणतात की विमान एक तास वीस मिनिटांचं आहे, प्रत्यक्षात ते दोन तास पन्नास मिनिटांचं आहे. न्यायला येणाऱ्याला आणि व्हीलचेअर सांगणाऱ्याला हे कळायला हवं.

शेवटची टीप का, ते सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलीय. अशाच मध्यरात्रीनंतरच्या फ्लाइटला मी समजावून द्यायच्या भरात "लैलत अल-खमीस" लिहिलं, म्हणजे गुरुवारची रात्र. जुन्या हिशोबाने दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून गुरुवारची रात्र म्हणजे बुधवार मावळल्यावरची, आणि मला तेच म्हणायचं होतं. पेशंटच्या मुलाने ते आजच्या बोलण्याप्रमाणे घेतलं, गुरुवार संपताना येणारी रात्र. बुधवारी संध्याकाळी मी दुसऱ्याच कामासाठी फोन केला तेव्हा तो म्हणाला की सामान उद्या भरतो. त्यांना तसंच गाडीत बसवून पुण्याहून मुंबईला पाठवलं आणि विमान कसंबसं मिळालं, पण आजारी माणसाचे त्या धावपळीत फार हाल झाले, ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून "रात्र" हा शब्द वाराला जोडून मी लिहीतच नाही. तारीख-वेळ तिकिटातली, आणि घरून कधी निघायचं ते खाली वेगळ्या ओळीत, "भाषांतरकाराची टीप" असं स्पष्ट लिहून, म्हणजे ते तिकिटावर छापलंय असा समज होत नाही.

महिन्याचं नाव माणूस कुठला आहे त्यावर बदलतं. ओमान, यूएई, येमेनच्या लोकांना أكتوبر कळतो. इराक किंवा सीरियाचा पेशंट असेल तर तिकडे ऑक्टोबरला تشرين الأول म्हणतात, तेव्हा मी तोच लिहितो. हिजरी तारखेत बदलायला कुणी सांगितलं तर मी नाही म्हणतो, चंद्रदर्शनाने एक दिवस इकडेतिकडे होऊ शकतो आणि तिकिटाला तो परवडत नाही. BOM का म्हणून घरचे विचारतात, त्यांना सांगा बॉम्बेवरून आलंय. जुनी मंडळी तिकडे अजून बोंबायच म्हणतात.

नावाचं भाषांतर करू नका. तिकिटावर SALIM असेल तर तो अरबीत سالم असू शकतो आणि سليم पण, दोन्ही वेगळी नावं आहेत आणि इंग्रजीवरून कळायचा मार्गच नाही. ओमानी पासपोर्टवर नाव अरबीतही असतं, तो समोर असेल तर तिथून उतरवा, नाहीतर तिकिटातलं इंग्रजी नाव आहे तसं ठेवा, आडनाव आधी छापलं असेल तर आधीच. शेवटी चिकटलेला MR किंवा MRS नावाचा भाग नाही एवढं लक्षात ठेवा, SALIMMR असं जोडून छापलेलं दिसतं कधीकधी.

सीटचं अक्षर पण अरबीत नेऊ नका. 23A चं 23 أ केलेलं बरं दिसतं, पण C आला की अडकता: आजच्या वर्णमालेच्या क्रमाने तिसरं अक्षर ت येतं, जुन्या अबजद क्रमाने ج येतं, आणि विमानात सीटच्या वर तर C च लिहिलेलं असतं. खिडकीची की कडेची हे सांगायचं असेल तर टीप म्हणून लिहा, तेही तिकिटावर किंवा सीट मॅपवर दिसत असेल तरच. A म्हणजे खिडकी असते बहुतेक, पण C, D चं विमानाच्या रुंदीवर आहे.

रेल्वेच्या तिकिटाला हेच सगळं लागू होतं, फक्त बर्थचा खाना नीट समजून घ्या. CNF/B2/32/SU म्हणजे कन्फर्म, डबा B2, बर्थ 32, साइड अप्पर. B2 आणि 32 तसेच, डब्यावर आणि बर्थवर तेच लिहिलेलं असतं. SU मात्र अरबीत समजावून सांगायला हवं, سرير جانبي علوي, कारण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ते चढता येणार नाही आणि घरच्यांना ते आत्ताच कळलेलं बरं. SL दिसलं तर थांबा: क्लासच्या खान्यात SL म्हणजे स्लीपर, बर्थच्या खान्यात SL म्हणजे साइड लोअर. आणि फोटो पुसट असेल तर इथेही एक पडताळा आहे, नेहमीच्या स्लीपर आणि थर्ड एसीत बर्थ आठ-आठच्या गटात असतात, ७ व्या जागी साइड लोअर, ८ व्या जागी साइड अप्पर. 32 ला आठने पूर्ण भाग जातो म्हणजे साइड अप्पर बरोबर. तुम्ही 37 वाचलं असतंत तर ती जागा मिडल बर्थची निघाली असती, म्हणजे वाचनात चूक आहे. RAC ला अरबीत एका शब्दाचा प्रतिशब्द शोधत बसू नका, बसायची जागा पक्की आहे, झोपायची अजून नाही, असं वाक्यच लिहा. वेटिंग किंवा RAC असेल तर फोटोतली स्थिती त्या दिवसाची आहे हेही लिहा, चार्ट झाल्यावर बदलते.

पाठवण्याआधीची तपासणी मी अशी करतो. तयार अरबी मजकुरातून प्रत्येक कोड कॉपी करून कोऱ्या नोटपॅडमध्ये चिकटवतो आणि तो फोटोशी ताडतो, आधी उतरवलेल्या इंग्रजीशी नाही, कारण तिथेच चूक झाली असेल तर ती दोन्हीकडे सारखीच असणार. कोड शेवटाकडून सुरुवातीकडे वाचतो, Z, 5, S, 8, B, Q, म्हणजे डोळा ओळखीचं म्हणून पुढे सरकत नाही. मग तोच मेसेज स्वतःच्या दुसऱ्या फोनवर पाठवून कसा दिसतो ते बघतो, एक अँड्रॉइड आणि एक आयफोन असेल तर उत्तम. डेस्कवर दोघं असाल तर एकाने अरबीतला कोड मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने फक्त फोटोकडे बघायचं, दोन मिनिटं लागतात. तुमच्याकडे जे तिकीट अडलंय त्याचा मजकूर इथे टाकलात तर बघून सांगतो, फक्त पीएनआर, नाव आणि बारकोड झाकून टाका.